पंच्याऐंशी चिन्हांत बसवलेला आवाज

चोपूनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना बायकोच्या माहेरी मिळालं. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात सासूबाईंनी दिलेल्या तीन पिशव्यांचं सामान त्यांनी एका पेटीत बसवलं, पेटीवर गुडघा ठेवून कडी लावली आणि हात झटकत म्हणाले, "जागा नसते असं काही नसतं. चोपून बसवायला पाहिजे." मेहुण्या तोंडाला पदर लावून हसल्या आणि त्या दिवसापासून जावई चोपूनराव झाले. पुढे ऑफिसातही कुणीतरी ते नाव नेलं आणि तिथे तर ते कायमचंच चिकटलं.

माणूस वाईट नव्हता. उलट सज्जन, देवभोळा म्हणता येईल इतका. घरातून निघताना हात जोडल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. पण रिकामी जागा दिसली की त्यांच्या जिवाला स्वस्थता नसे. बायकोने डब्यांत डाळी भरल्या आणि वर बोटभर जागा राहिली, तर ते डबा आपटून आपटून डाळ खाली बसवायचे. दोन डब्यांचं एका डब्यात आणायचे आणि रिकामा डबा विजयी मुद्रेने ओट्यावर ठेवायचे. बायको म्हणायची, "अहो, डब्याला श्वास तरी घेऊ द्या. परवा झाकण उघडताना निम्मी डाळ माझ्या अंगावर आली."

"उघडायची रीत असते."

"हो ना, भरायची तुमची आणि आवरायची आमची."

नोकरी त्यांची एका मोठ्या धर्मादाय इस्पितळाच्या संगणक खोलीत. खोली तळघरात, क्ष-किरणांच्या खोलीच्या पलीकडे. खिडकी नाही. दोन टेबलं, एक सदा गुरगुरणारा पंखा आणि भिंतीला टेकवलेल्या जुन्या स्क्रीनची रांग. दुसऱ्या टेबलावर त्यांचा जोडीदार बसे. गुबगुबीत, अर्धे डोळे मिटून काम करणारा, म्हणून त्याला सगळे बोका म्हणत. बोका आणि चोपूनराव एकाच वर्षी लागले होते आणि त्या दिवसापासून एकमेकांना टोमणे मारत आले होते.

इस्पितळाची रुग्णनोंदींची प्रणाली जुनीपुराणी होती. ती बनवणारे लोक कधीच काम सोडून गेलेले. तिच्यात फोटो ठेवायला, आवाज ठेवायला जागाच नव्हती. नाव, वय, तपासणीची तारीख आणि शेवटी 'शेरा' नावाचा एक रकाना. त्या शेऱ्यात चार हजार अक्षरं मावत, एकही जास्त नाही. तेवढा लिहिलेला मजकूर दर रविवारी मुख्य कार्यालयातल्या मोठ्या सर्व्हरवर जाई, तिथे कायमचा ठेवला जाई आणि तिथली प्रत परत येऊन इथल्या प्रतीवर बसे. रकाना वाढवायचा तर मुख्य कार्यालयाची परवानगी लागे, आणि ती मागणाऱ्यांचे केस पिकले होते.

अशात बाई आल्या.

बाई शाळेत शिकवायच्या. इस्पितळातही कुणी त्यांना नावाने हाक मारली नाही, जो तो बाईच म्हणे. घशात गाठ होती, आणि स्वरयंत्र सबंध काढावं लागणार हे डॉक्टरांनी न लपवता सांगितलं होतं. त्यानंतर त्यांना बोलता येणार नव्हतं. वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमनी एक वाट सुचवली. शस्त्रक्रियेच्या आधी बाईंनी त्यांना रोज लागणारी वाक्यं स्वतःच्या आवाजात बोलून ठेवायची. जखम भरली की मुख्य कार्यालयाकडून हातात मावेल असं एक बोलकं यंत्र मिळेल. नोंदींत ठेवलेली वाक्यं तेच लोक त्यात भरून देतील. बटण दाबलं की बाईंच्याच आवाजात वाक्य वाजेल.

बाईंनी वाक्यं निवडायला रात्रीचा दिवस केला असावा, कारण त्या आल्या तेव्हा कागदावर खाडाखोडीला जागा उरली नव्हती. यजमान बरोबर होते. उंच, वाकलेले, सारखा चष्मा पुसणारे.

"यांना म्हटलं, काय काय बोलते मी दिवसभर, आठवून सांगा," बाई घोगऱ्या आवाजात मॅडमना म्हणाल्या. "तर म्हणाले, तू नुसती ओरडतेस."

"मग खोटं काय?" यजमान म्हणाले. "तेही एक भरून घ्या मॅडम. 'टॉवेल खाटेवर टाकू नका.' ते नसेल तर मला करमायचं नाही."

बाई हसल्या, हसताना खोकला आला, आणि यजमानांनी घाईने पाण्याचं भांडं पुढे केलं.

काचेच्या छोट्या खोलीत बाई चाळीसेक वाक्यं बोलल्या. दुखत होतं, म्हणून सावकाश, शब्दामागे शब्द ठेवत. लांब वाक्यं आठ सेकंदांपर्यंत जात होती. आणि अडचण तिथेच आली.

आवाज म्हणजे संगणकाच्या लेखी नुसते बाइट. आकड्यांची रास. शेऱ्याच्या रकान्यात मात्र छापता येणारी अक्षरंच चालतात. त्यामुळे त्या राशीचं अक्षरांत रूपांतर करावं लागतं. त्यासाठीची नेहमीची रीत चौसष्ट चिन्हांची. सगळी इंग्रजी अक्षरं, आकडे आणि दोन-तीन निरुपद्रवी खुणा. त्या रीतीत तीन बाइटांची चार अक्षरं होतात. तीन मापं पीठ ठेवायला चार डबे लागावेत तसं. चार हजार अक्षरांच्या रकान्यात म्हणून तीन हजार बाइट मावतात. चोपूनरावांनी बाईंचा आवाज दाबत दाबत सेकंदाला चारशे बाइटांवर आणला होता. त्याहून दाबला तर बाई विहिरीतून बोलल्यासारख्या वाटत. हिशेब केला तर साडेसात सेकंद. आठ सेकंदांच्या वाक्याचा शेवटचा अर्धा सेकंद रकान्याबाहेर.

अर्धा सेकंद म्हणजे काय ते त्यांनी कानाने ऐकलं. बाई परगावच्या लेकीसाठी एक वाक्य बोलल्या होत्या: "अगं, तू इतके दिवस फोन केला नाहीस, म्हणून मी तुझ्यावर रागावलेले वगैरे मुळीच नाही." रकान्यात बसवून परत वाजवलं तर संगणक म्हणाला, "…म्हणून मी तुझ्यावर रागावलेले वगैरे मु". आपल्या बोलण्यात खरी गोष्ट शेवटी येते. शेपूट कापली की माया रागासारखी ऐकू येते.

"दोन नोंदी कर," बोका म्हणाला. डोळे मिटलेलेच. "पहिल्यात निम्मं, दुसऱ्यात निम्मं. चौसष्टचीच रीत ठेव. सगळं जग वापरतं."

"आणि तिकडचे लोक भरताना दुसरी नोंद विसरले तर? एक वाक्य, एक नोंद. पंच्याऐंशीची रीत घेतो."

"ही कुठली?"

चोपूनरावांना विचारलेलं आवडायचं. त्यांनी खुर्ची वळवली. "चौसष्टच्या जागी पंच्याऐंशी चिन्हं घ्यायची. चार बाइटांची पाच अक्षरं होतात. चार बाइटांत जितके निरनिराळे आकडे येऊ शकतात, तितके पाच घरांत बसवायला चौऱ्याऐंशी चिन्हं थोडी कमी पडतात. पंच्याऐंशी पुरतात. चार हजारांच्या रकान्यात बत्तीसशे बाइट. बरोब्बर आठ सेकंद."

"दोनशे बाइटांसाठी एवढा खटाटोप?"

"दोनशे बाइट नाही रे. अर्धा सेकंद."

"बरं बाबा. पण एवढी चिन्हं आणणार कुठून? अवतरणचिन्हं घेतलीस तर ती जुनी म्हातारी प्रणाली कोलमडेल."

"दुधखुळा समजतोस का मला? दोन्ही अवतरणं वगळलीत, उलटी तिरपी रेघ वगळली. तसला संच तयार मिळतो. बाकी टिंब, तारा, कंस, टक्का, सगळं साधं."

कंस साधे नव्हते. पण ते त्या क्षणी त्या खोलीत दोघांनाही सुचलं नाही. देवाने माणसाला जेवढं दिसतं तेवढ्यावरच निर्धास्त व्हायची खोड लावून ठेवली आहे.

चोपूनरावांनी तपासलं नाही असंही नाही. 'चाचणी' हा एवढासा शब्द पंच्याऐंशीच्या रीतीने रकान्यात घातला, रविवारी तो मुख्य सर्व्हरवर जाऊन आला, सोमवारी उलगडला तर जसाच्या तसा. मग त्यांनी बाईंची सगळी वाक्यं घातली, आपल्याच संगणकावर उलगडून वाजवली, आणि मॅडमसह बाईंना नि यजमानांना खाली बोलावलं.

तळघरातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत बाई बोक्याच्या खुर्चीवर बसल्या. चोपूनरावांनी लेकीसाठीचं वाक्य लावलं. ते शेवटपर्यंत आलं. "…मुळीच नाही." 'नाही'मधला 'ही' बाईंनी जरा लांबवला होता, आई लेकीशी लांबवते तसा, आणि तो लांबवलेलासुद्धा पूर्ण आला.

"आला की सगळा," बाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं, म्हातारीचा आवाज, कुठे एवढी जागा देताय."

"जागा असते बाई," चोपूनराव म्हणाले. "नीट बसवावी लागते."

मॅडमनी सही केली. सही झाली की मूळ ध्वनिमुद्रण पुसायचं, असा इस्पितळाचा नियम. रुग्णाचा आवाज इकडेतिकडे राहू नये म्हणून. मॅडमनी तो पाळला. चोपूनरावांनीही आपल्या यंत्रावरच्या तात्पुरत्या फायली पुसल्या. नियमाप्रमाणे, आणि थोडं सवयीनेही. कामाची वस्तू जागेवर गेली की पसारा कशाला ठेवायचा?

रविवारी नोंदी मुख्य सर्व्हरवर गेल्या आणि परत आल्या. त्याच आठवड्यात बाईंची शस्त्रक्रिया झाली.

त्या रात्री जेवताना चोपूनरावांनी बायकोला हे सगळं सांगितलं. डबे-पिठाच्या भाषेत सांगितलं, तिला कळावं म्हणून, आणि तिला कळलंही. ती म्हणाली, "देवा, तिच्या गळ्यातलं घेतलंस ते घेतलंस, पण राखायला तरी माणूस दिलास." चोपूनराव लाजले. लग्नाला इतकी वर्षं झाली, बायकोने त्यांच्या चोपून बसवण्याचं कौतुक केल्याचा हा पहिलाच प्रसंग.

जखम भरायला महिना-दीड महिना गेला. मग एका सकाळी मॅडमचा फोन आला. यंत्र आलं होतं, पण मुख्य कार्यालयातले लोक म्हणत होते की वाक्यं उलगडत नाहीत. "तुमची ती वेगळी रीत त्यांना जमत नसेल," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच बघता का?"

"बघतो की. त्यांना आकडे मोजायला शिकवावे लागतील," चोपूनराव हसत म्हणाले आणि बाईंची पहिली नोंद उघडली.

चार हजार अक्षरं असायला हवी होती. होती एकशे बासष्ट.

त्यांनी दुसरी उघडली. एकशे नव्वद. तिसरी, सत्त्याण्णव. ते उघडत गेले. पंखा गुरगुरत होता. बोक्याने एकदा डोळे उघडून पाहिलं आणि नंतर मिटलेच नाहीत.

"काय रे?"

चोपूनराव पुढची नोंद उघडत राहिले. बोका उठून मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ स्क्रीनकडे पाहून त्याने मुख्य कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला आणि इकडच्या तिकडच्या चार गोष्टी न करता सरळ विचारलं, "शेरा तुमच्याकडे येतो तेव्हा त्याच्यावर काय करता तुम्ही?"

पलीकडचा माणूस सहज म्हणाला, त्याला काय माहीत इथे काय चाललंय, "काही नाही, धुऊन घेतो. कोणी शेऱ्यात वेबपानाची खूण टाकून आगाऊपणा करू नये म्हणून. कोनासारखा कंस दिसला की तिथपासून शेवटच्या बंद कोनापर्यंत सगळं उडवतो. जुनीच चाळणी आहे. का?"

बोक्याने "काही नाही" म्हणून फोन ठेवला.

पंच्याऐंशी चिन्हांत ते दोन कोनाचे कंसही होते. एक उघडणारा, एक मिटणारा. चार हजार अक्षरांच्या वाक्यात प्रत्येक चाळीस-पन्नासदा आलेला. चाळणीने पहिला उघडता कोन शोधला, शेवटचा मिटता कोन शोधला आणि मधलं सगळं कचरा समजून टाकून दिलं. 'चाचणी' हा शब्द लहान होता. त्याची होऊन होऊन एकोणीस अक्षरं झाली होती आणि त्यांत तो कोन आलाच नव्हता. म्हणून तो सुखरूप जाऊन आला. चौसष्टच्या रीतीत हे कंस मुळात नसतातच. बोका म्हणाला तसं केलं असतं, तर दोन नोंदी झाल्या असत्या आणि बाई जशाच्या तशा राहिल्या असत्या.

बोका तसं काही बोलला नाही. त्याने म्हटलं असतं तर बरं, असं चोपूनरावांना वाटलं.

"आपली इथली प्रत?" बोक्याने विचारलं.

"रविवारी तिकडची येऊन बसली वर."

"रविवारच्या आधीची राखीव प्रत?"

"राखीव तिकडेच ठेवतात. धुऊन झाल्यावर."

"मॅडमचं ध्वनिमुद्रण?"

चोपूनरावांनी नुसती मान हलवली. तरी दोघं वर गेले. मॅडमनी ध्वनिमुद्रण-यंत्रातलं कार्ड काढून दिलं. त्यावर नंतर तीन-चार रुग्णांचं बोलणं भरलं गेलं होतं. बोक्याने पुसलेलं परत काढायची साधनं चालवून पाहिली. दुसऱ्याच एका गृहस्थाचा, अ-आ-इ-ई म्हणणारा आवाज निघाला. चोपूनरावांनी आपलं यंत्र तळापर्यंत खरवडलं. जिथे बाईंच्या फायली होत्या तिथे आता औषधभांडाराच्या याद्या होत्या. त्यांनीच, रिकामी जागा दिसली म्हणून, तिथे बसवलेल्या.

राहिलं होतं ते प्रत्येक वाक्याचं डोकं आणि शेपूट. पहिल्या कोनाच्या आधीची काही अक्षरं आणि शेवटच्या कोनानंतरची काही. त्यांनी ती पाच-पाचच्या गटांत लावून उलगडली. शेपटीची मोजणी मागून करावी लागली, पण ती जमली. एवढं सगळं त्यांना अजून जमत होतं, हेच त्यांना असह्य झालं. कानाला लावून ऐकलं तर सुरुवातीच्या तुकड्यात बोलण्याआधी घेतलेला श्वास. शेवटच्या तुकड्यात एखाद्या स्वराचं टोक. 'ई'. 'आ'. काही ठिकाणी तेही नाही, नुसती काचेच्या खोलीतली शांतता. पापणी लवते तेवढंच सगळं. ज्या अर्ध्या सेकंदासाठी त्यांनी हा सगळा घाट घातला होता, त्यातलासुद्धा उरलेला फक्त काठ.

त्या संध्याकाळी ते घरी आले आणि चपला न काढता दाराशी बसून राहिले. बायकोने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती शेजारी जमिनीवर बसली, तेव्हा त्यांनी सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यांच्याकडे मोबाइलवर काहीतरी असेल की हो. हल्ली सगळ्यांकडे असतं."

"असेल."

"देवाला मागू या."

"काय मागायचं?" चोपूनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते. "जे नाहीच, ते कुठल्या तोंडाने मागायचं? त्याने दिलं होतं. माझ्या हातात आणून दिलं होतं."

ती उठली, आत जाऊन हात जोडून उभी राहिली. काय म्हणावं ते तिलाही सुचलं नाही. ती तशीच उभी राहिली आणि मग भात लावायला गेली. रात्री दोघांनी ताट पुढे ओढून तसंच बाजूला सारलं.

बाईंना सांगायला आपण जातो, असं मॅडम म्हणत होत्या. चोपूनराव नको म्हणाले. ते आणि मॅडम दोघंही गेले. दुसऱ्या मजल्यावरचं घर, जिन्यात कुंड्या, दाराशी पायपुसणं झटकून नीट घातलेलं. बाईंच्या गळ्याला पातळ रुमाल होता. चेहरा उजळला होता. यंत्र आलं असं त्यांना कळलं होतं आणि मॅडमच्या हातात ते दिसत होतं. यजमानांनी खुर्च्या पुढे केल्या. "बसा बसा. चार आठवडे घरात एवढी शांतता आहे की घड्याळ बंद करून ठेवलंय मी. फार बोलायला लागलं होतं."

चोपूनराव बसले नाहीत. उभ्याउभ्याच सांगितलं. रीत, कोन, चाळणी असलं काही सांगायचं नाही असं ठरवून आले होते; पण मध्येच यजमानांनी "म्हणजे नक्की झालं काय?" विचारलं आणि त्यांना ते सगळं सांगावं लागलं. सांगताना त्यांना स्वतःचंच बोलणं सबबीसारखं ऐकू येत होतं.

यजमान चष्मा पुसत राहिले. "पण सही झाली होती," ते म्हणाले. "आम्ही ऐकलं होतं ना. हिने ऐकलं. पूर्ण होतं."

"होतं."

"मग गेलं कसं? ऐकलेलं जातं कसं?"

मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे घरचं काही चित्रण असेल, मोबाइलवर…"

"आहे की. सगळ्यात मी आहे, लेक आहे, शाळेतली पोरं आहेत. ही कुठेच नाही. फोन हिच्या हातात असायचा. मागून 'जरा सरका' एवढं ऐकू येतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "एका ठिकाणी ती हसते. पण तिथे मिक्सर चालू आहे."

बाईंनी पाटी ओढली. लहान मुलांची असते तसली, पांढरी, पुसता येणारी. त्यावर त्यांनी लिहिलं, शिक्षकांचं असतं तसं गोल अक्षर: जे उरलंय ते ऐकवा.

"बाई, त्यात काही नाही," चोपूनराव म्हणाले.

बाईंनी त्या ओळीखाली रेघ ओढली.

त्यांनी ऐकवलं. एकेका वाक्याचे दोन तुकडे, मध्ये काहीच नाही. श्वास, 'ई'. श्वास, 'आ'. श्वास, शांतता. चाळीसच्या चाळीस संपायला मिनिटभरही लागलं नाही. पलीकडून, अर्धवट उघड्या खिडकीतून कुणाच्या तरी घरातलं नळाचं पाणी ऐकू येत होतं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांनी पाटी पुसली आणि लिहिलं: हे मी दमलेली आहे नुसती. पुसून टाका.

"ठेवू या बाई. पुढेमागे काही…"

बाईंनी मान हलवली. शाळेत हट्टी मुलाकडे बघतात तसं त्यांच्याकडे बघितलं, त्यात राग नव्हता, पण सवलतही नव्हती. चोपूनरावांनी त्यांच्यासमोर एकेक तुकडा पुसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना जागा मोकळी करताना हात जड झाला.

मग यंत्राचं काय करायचं हा प्रश्न उरला. त्यात तयार आवाज होते, बायकांचे तीन. अक्षरं टाइप केली की त्या आवाजांतला एक वाचून दाखवे. बाई गप्प राहणार की परक्या आवाजात बोलणार, एवढंच ठरवायचं होतं. मॅडमनी तिन्ही वाजवून दाखवले. पहिला तरुण आणि उत्साही, बँकेत रांगेत उभं असताना ऐकू येतो तसा. दुसरा जाड. तिसऱ्यावर बाईंनी बोट ठेवलं. आवडला म्हणून नव्हे. कुठला तरी एक घ्यायचा होता म्हणून. चोपूनरावांनी तो बसवून दिला. बटणांची अक्षरं मोठी केली, वेग कमी केला. हे काम त्यांच्याशिवाय कुणीही केलं असतं, पण त्यांनी मॅडमना हात लावू दिला नाही.

यजमान एव्हाना आतल्या खोलीत निघून गेले होते. भांडी लावल्याचा आवाज येत होता. एकेक भांडं, मध्ये खूप वेळ.

बाईंनी यंत्र मांडीवर घेतलं. एका बोटाने, शोधत शोधत अक्षरं दाबली. यंत्र बोललं. स्वच्छ, सरळ, कुणाच्याही घरात बोलेल तसं: "अहो, बाहेर या जरा."

आत भांडी लावणं चालू राहिलं.

बाईंनी परत दाबलं. "अहो, बाहेर या जरा."

कोणी आलं नाही. दारापलीकडे पाण्याचा नळ उघडला गेला. यजमानांना ऐकू गेलं नव्हतं असं नाही. आपल्याला कुणी बोलावतंय हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. बाईंनी तिसऱ्यांदा बोट उचललं आणि हवेतच ठेवलं. मॅडम खिडकीकडे बघू लागल्या.

चोपूनराव वळले. आतल्या दाराशी गेले, चौकटीला हात लावून उभे राहिले.  म्हणाले, "काका, तुम्हाला बाई बोलावतायत."